‘लाडू खाल्ला एक’ : पण कोणी? न बोललेल्या कर्त्याचं एक प्रकरण

खाली एक छोटं फोनवरचं बोलणं दिलं आहे. मुलगी गावाहून पुण्याला आली आहे, आई घरी आहे. समजा, या बोलण्याला इंग्रजी उपशीर्षकं द्यायची आहेत.

१. आई : पोचलीस का?
२. मुलगी : हो, आत्ताच पोचले.
३. आई : जेवलीस?
४. मुलगी : नाही अजून. भूक नाही.
५. आई : डबा तरी उघडलास का?
६. मुलगी : हो. लाडू खाल्ला एक.
७. आई : बाबा आले नाहीत अजून.
८. मुलगी : गाडी सुटेपर्यंत होते स्टँडवर. म्हणाले, इथूनच दुकानात जातो.
९. आई : मग येतील आठपर्यंत. फोन करू का?
१०. मुलगी : नको, मीच करते. फार उकडतंय इथं.
११. आई : पंखा लाव. उद्या बोलू.

अख्ख्या बोलण्यात सर्वनाम एकदाच आलं आहे, दहाव्या ओळीतलं ‘मीच’. तरीही मराठी वाचकाला कुठेही अडखळायला होत नाही. इंग्रजी करायला बसलं की मात्र जवळपास प्रत्येक वाक्याला ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘वी’ यांपैकी काहीतरी जोडावं लागतं, आणि एका ठिकाणी तर कोणाचाच बोध न करणारं ‘इट’सुद्धा घालावं लागतं.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की मराठी क्रियापदाच्या शेवटातच पुरुष कळतो, म्हणून सर्वनाम लागत नाही. इंग्रजी क्रियापदाचे शेवट झिजले, म्हणून तिथे लागतं. हे खरं आहे, पण अर्धंच. वरच्या अकरा ओळी एकेक करून तपासल्या की हे स्पष्टीकरण कुठे चालतं आणि कुठे हात टेकतं ते नेमकं दिसतं.

जिथे शेवट चोख काम करतो

पहिल्या ओळीतला ‘पोचलीस’ घ्या. ‘ल’ भूतकाळाचा, ‘ई’ स्त्रीलिंगी एकवचनाची आणि ‘स’ द्वितीय पुरुषाचा. म्हणजे ‘तू’, आणि तीही बाई किंवा मुलगी. इंग्रजी ‘यू’ जेवढं सांगत नाही तेवढं हा शेवट सांगतो. इंग्रजीत ‘रीच्ड’ हे रूप मी, तू, तो, ती, आम्ही, ते सगळ्यांना एकच. त्यातून माणूस शोधायचा तर हाती काहीच लागत नाही.

नवव्या ओळीतला ‘येतील’ही असाच स्वच्छ आहे. मराठीत पुरुषाच्या दृष्टीने सर्वांत नीटनेटका काळ म्हणजे भविष्यकाळ : येईन, येशील, येईल, येऊ, याल, येतील. सहा जागा, सहा वेगळी रूपं. स्पॅनिशच्या वर्तमानकाळात ‘जाणे’ची रूपं अशीच सहा आहेत : वॉय, वास, वा, वामोस, वाइस, वान. स्पॅनिशमध्येही सर्वनाम सर्रास गळतं. शेवटांचा सिद्धांत अशा उदाहरणांवर उभा आहे, आणि इथे तो शोभतोही.

जिथे एकाच रूपाचे दोन धनी निघतात

आता दुसऱ्या ओळीतला ‘पोचले’. मुलगी स्वतःबद्दल बोलते तेव्हा ‘मी पोचले’. पण ‘बाबा पोचले’ आणि ‘ते सगळे पोचले’ यांतही हेच रूप. लेखी भाषेत ‘पत्र पोचले’ हे नपुंसकलिंगी एकवचनही तेच. दुसऱ्या ओळीत घोटाळा होत नाही, कारण आईने नुकतंच ‘तू’बद्दल विचारलं आहे. निवाडा शेवटाने केलेला नाही, प्रश्नाने केला आहे.

वर्तमानकाळात तर प्रथम आणि तृतीय पुरुष एकवचनात एकच होतात. मी जातो, तो जातो. मी जाते, ती जाते. त्यात ‘आम्ही जातो’ मिळवा, म्हणजे ‘जातो’ या एका रूपाचे तीन धनी झाले. नकारात आणखी गळती होते : ‘जात नाही’ हे मी, तो, ती आणि आम्ही या चौघांनाही चालतं आणि लिंगही पुसलं जातं. फक्त ‘नाहीस’ आणि ‘नाहीत’ वेगळे राहतात. सातव्या ओळीत ‘आले नाहीत’ आहे. तिथे ‘बाबा’ शब्द नसता, तरी त्या शेवटच्या ‘त’मुळे ‘मी’ बाद झाला असता, कारण आई स्वतःबद्दल बोलली असती तर ‘आले नाही’ म्हणाली असती. हा ‘त’ बोलताना पुष्कळदा अर्धवट उच्चारला जातो, आणि ध्वनिमुद्रणावरून लिहून घेणारे तिथेच फसतात.

थोडक्यात, मराठीचा शेवट बहुधा एकाच माणसाकडे बोट दाखवत नाही. तो काही जणांना बाद करतो. उरलेल्यांतून कोण, हे आधीचं बोलणं ठरवतं.

शेवट कर्त्याचा आहे की दुसऱ्याच कोणाचा?

या बोलण्यातल्या सर्वांत शिकण्यासारख्या ओळी म्हणजे पाचवी आणि सहावी. ‘पोचलीस’मधल्या ‘ई’वरून मुलगी कळली. मग ‘उघडलास’मधल्या ‘आ’वरून मुलगा कळायला हवा, पण आई बोलतेय त्याच मुलीशी. हा ‘आ’ आहे डब्याचा. डबा पुल्लिंगी, म्हणून उघडला. पिशवी असती तर उघडलीस, पाकीट असतं तर उघडलंस. मुलीच्या जागी मुलगा आणला तरी ‘डबा उघडलास’ तसंच राहतं.

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की ते कर्त्याला सोडून कर्माशी जुळतं, हे शाळेतल्या कर्मणी प्रयोगात आपण शिकतो. पण ‘उघडलास’मध्ये ‘स’ अजून ‘तू’लाच धरून आहे. एकाच क्रियापदावर मधला स्वर कर्माचा आणि अंत्य ‘स’ कर्त्याचा. पारंपरिक व्याकरण याला कर्तृ-कर्म संकर म्हणतं, आणि नाव अगदी समर्पक आहे. अनेकवचनात ‘तुम्ही डबा उघडलात’ यातला ‘त’ हेच काम करतो.

सहाव्या ओळीत ही शेवटची खूणही नाही. ‘लाडू खाल्ला एक’ यात ‘खाल्ला’ पूर्णपणे लाडवाचा आहे. मी, त्याने, तिने, आम्ही, त्यांनी, कोणीही खाल्लेला असो, रूप हेच. ‘स’ नाही म्हणून ‘तू’ बहुधा बाद, एवढाच काय तो निष्कर्ष शेवटातून निघतो. ‘त्याने’, ‘तिने’ यांतला ‘ने’ वेगळेपण दाखवू शकला असता, पण सर्वनाम गळलं की त्याच्याबरोबर प्रत्ययही गळतो. नवखा भाषांतरकार ‘खाल्ला’ पुल्लिंगी पाहून ‘ही एट अ लाडू’ असं लिहून मोकळा होतो. इंग्रजी वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं, त्यामुळे तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं. मूळ ऐकल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

म्हणून कर्ता भरण्याआधी शेवट कोणाच्या मालकीचा आहे हे पाहावं लागतं. रीत सोपी आहे. वाक्यातलं कर्म मनातल्या मनात बदलून बघायचं : लाडवाच्या जागी करंजी ठेवली तर ‘खाल्ली’ होतं, म्हणजे शेवट कर्माचा, त्यातून खाणारा शोधायला जाऊ नये. कर्म बदलून काही हललं नाही, किंवा कर्मच नाही, तर बोलणाऱ्याचं लिंग बदलायचं : मुलीच्या जागी मुलगा आला की ‘पोचले’चं ‘पोचलो’ होतं, म्हणजे शेवट कर्त्याचा. दोन्ही अदलाबदली केल्या की फार थोडी वाक्यं संशयात उरतात.

यात दोन अपवाद ओळखीचे करून ठेवावेत. जेवणे आणि म्हणणे ही क्रियापदं भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. मी जेवले, मी म्हणाले. पण मी खाल्लं, मी सांगितलं. त्यामुळे मुलगी ‘जेवले’ म्हणाली तर तिच्याबद्दल शेवटातून बरंच कळतं, आणि ‘खाल्लं’ म्हणाली तर काहीच कळत नाही. अर्थ जवळपास तोच, खुणा मात्र वेगळ्या.

आठवी ओळ : एक रूप दुसऱ्याला सोडवतं

‘म्हणाले, इथूनच दुकानात जातो.’ इथे ‘म्हणाले’चे दोन अर्थ शक्य आहेत : बाबा म्हणाले, किंवा मुलगी स्वतः म्हणाली, ‘मी म्हणाले’. आधीचा ‘होते’ही तसाच दुहेरी, कारण मुलगीही स्टँडवर होतीच. सातव्या ओळीत विषय बाबांचा आहे, त्यामुळे कान बाबांकडे झुकतो. पण पुरावा येतो तो पुढच्या ‘जातो’मधून. म्हणणारी मुलगी असती आणि स्वतःच्या जाण्याबद्दल बोलत असती, तर ‘जाते’ आलं असतं. ‘जातो’ म्हणजे बोलणारा पुरुष, आणि तिथे पुरुष एकच. एका क्रियापदाची संदिग्धता दुसऱ्या क्रियापदाच्या लिंगाने सुटली.

हा पुरावा प्रमाण मराठीपुरता आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. कोल्हापूरकडे मुली आणि बायका स्वतःबद्दल सहज ‘येतो’, ‘जातो’, ‘आलो’ म्हणतात. ही मुलगी तिकडची असती, तर ‘जातो’वरून बाबा सिद्ध झाले नसते आणि सगळा भार संदर्भावर पडला असता. उलट मुंबईकडे ‘मी आली’, ‘मी गेली’ असं ऐकू येतं; तिथे ‘आली’ पाहून लगेच ‘शी’ लिहिणं धोक्याचं. बोलणारी कुठली आहे हे विचारल्याशिवाय उपशीर्षकं करायला घेऊ नयेत.

‘जातो’ इथे प्रथम पुरुषात आहे, कारण ते बाबांचे शब्द जसेच्या तसे आहेत. इंग्रजीत ते ‘ही सेड ही वुड गो’ असे वळवून येतात. हे वळवणं मराठीत उलटं आणून ‘बाबा म्हणाले की ते दुकानात जातील’ असं लिहिलं, तर ‘ते’ म्हणजे दुसरेच कोणी, असा वाचकाचा समज होऊ शकतो. जिथे सर्वनाम गाळता येतं तिथे ते घातलं, की काहीतरी वेगळं सांगायचं असणार, असं मराठी कान धरून चालतो.

शेवटाचा काहीच आधार नाही, तरी कर्ता गायब

चौथ्या ओळीतलं ‘भूक नाही’ म्हणजे ‘मला भूक नाही’. इथे क्रियापद भुकेचं. ‘मला’शी त्याचं काही देणंघेणं नाही. ‘आवडतं’, ‘आठवतं’, ‘पाहिजे’, ‘कंटाळा आला’, ‘थंडी वाजतेय’ ही सगळी याच घरातली. यांच्या शेवटात अनुभवणाऱ्याचा मागमूस नसतो, तरी ‘मला’ बिनदिक्कत गळतं. शेवटामुळेच गाळता येत असतं, तर इथे गाळता यायला नको होतं.

इथे चालतो तो नियम व्याकरणापेक्षा संभाषणाचा आहे : साधं विधान असेल तर अनुभव बोलणाऱ्याचा, प्रश्न असेल तर ऐकणाऱ्याचा. ‘भूक नाही’ म्हणजे मला, ‘भूक नाही?’ म्हणजे तुला. कारणही उघड आहे. दुसऱ्याच्या पोटातलं आपण ठामपणे सांगत नाही आणि स्वतःच्या पोटातलं दुसऱ्याला विचारत नाही. तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर त्याचं नाव आधी आलेलं असावं लागतं.

नवव्या ओळीत आणखी एक गोष्ट गळली आहे. ‘फोन करू का?’ यात कोणाला, ते कुठेच नाही. म्हणजे मराठी फक्त कर्ता गाळत नाही. ‘त्यांना’ही गाळते, आणि त्याची खूण क्रियापदावर कधीच नसते. १९८४ साली सी. टी. जेम्स हुआंग यांनी चिनी भाषेच्या आधारे हाच मुद्दा मांडला. चिनी क्रियापदाला पुरुषाचे शेवट मुळीच नाहीत, तरी तिथे कर्ता आणि कर्म दोन्ही गळतात, कारण चालू विषय ऐकणाऱ्याच्या मनात असतो. मराठीत हे दोन्ही मार्ग एकत्र नांदतात : काही ठिकाणी शेवट, काही ठिकाणी चालू विषय, आणि पुष्कळदा दोघांची वाटणी.

मग इंग्रजीचं नेमकं अडतं कुठे?

शेवट कमी म्हणून इंग्रजीला सर्वनाम लागतं, हेही तपासून घेऊ. इंग्रजीतला ‘गोज’ हा तृतीय पुरुष एकवचनच दाखवतो. तिथे माहितीची काहीच उणीव नाही, तरी नुसतं ‘गोज टू द शॉप’ हे पूर्ण वाक्य होत नाही. जर्मनचं उदाहरण याहून बोलकं आहे. गेहे, गेह्स्ट, गेट, गेहेन अशी चार रूपं तिथे आहेत, आणि प्रथम व तृतीय पुरुष एकवचन वेगळे आहेत. मराठीच्या ‘जातो’ला तेही जमत नाही. तरीही जर्मन सर्वनाम धरून बसते आणि मराठी सोडते.

खरी किल्ली दहाव्या ओळीत आहे : ‘फार उकडतंय इथं.’ कोण उकडतंय? कोणीच नाही. मराठी व्याकरणात उजाडलं, सांजावलं, गडगडतं, मळमळतं या क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. त्यांना वेगळा कर्ता नसतो, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ राहतं. इंग्रजीत मात्र ‘इट इज सो हॉट’ असं म्हणावं लागतं. हे ‘इट’ कोणाचंही नाव नाही, त्यातून कसलीही माहिती मिळत नाही. माहितीसाठीच सर्वनाम लागत असतं, तर इथे ते लागायचं कारणच नव्हतं. इंग्रजीत काळ दाखवणाऱ्या क्रियापदाआधीची कर्त्याची जागा भरलेली असावी लागते. भरायला माणूस नसेल तर ‘इट’ किंवा ‘देअर’ बसवतात. मराठीत ती जागा रिकामी राहू शकते. डेव्हिड पर्लमटर यांनी १९७१ साली भाषांची अशी विभागणी मांडली, तेव्हापासून हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

इंग्रजीतल्या दोन सवलतीही याच नियमाच्या कडेला आहेत. एक म्हणजे आज्ञा. ‘पंखा लाव’ हे इंग्रजीतही ‘यू’शिवाय होतं, कारण आज्ञेचं रूप काळ दाखवत नाही. दुसरी सवलत डायरी आणि मोबाइलवरच्या मेसेजची : ‘रीच्ड जस्ट नाउ’ असं लिहिलेलं आपण पाहतो. पण हे फक्त मुख्य वाक्याच्या अगदी तोंडाशी चालतं. ‘व्हेन रीच्ड, विल कॉल’ असं केलं की इंग्रजी वाचक थबकतो. मराठीत ‘पोचले की फोन करते’ यात आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वाक्यांतला ‘मी’ बिनबोभाट जातो.

‘मीच’ का राहिलं, आणि ‘बोलू’ कोण?

दहाव्या ओळीत ‘नको, मीच करते’ यातलं ‘मी’ काढून ‘नको, करते’ म्हटलं, तर ‘तू नको, मी’ हा विरोध उडतो. ‘च’, ‘पण’, ‘सुद्धा’ यांना टेकायला शब्द लागतो. क्रियापदाच्या शेवटावर तो भार टाकता येत नाही. नव्या माणसाचा प्रवेश, दोघांतली तुलना, ‘कोणी?’ या प्रश्नाचं उत्तर, एवढ्या ठिकाणी मराठीतही सर्वनाम टिकतं. बाकी ठिकाणी ते भरलं की कसं होतं पाहा : ‘तू पोचलीस का?’ ‘हो, मी आत्ताच पोचले.’ ‘तू जेवलीस?’ ‘मी नाही जेवले, मला भूक नाही.’ व्याकरण बिनचूक, पण आईची चौकशी पोलिसी जबाबासारखी वाटायला लागते. इंग्रजीवरून आलेली मराठी याच खुणेवरून आधी ओळखू येते.

उरला ‘ऊ’कारान्त शेवट. नवव्या ओळीत ‘फोन करू का?’ म्हणजे मी एकटीने करू का. अकराव्या ओळीत ‘उद्या बोलू’ म्हणजे आपण दोघी. रूप तेच, प्रथम पुरुष. पहिल्यात परवानगीचा प्रश्न आहे, म्हणून बोलणारी एकटी. दुसऱ्यात बोलण्याला समोरची लागतेच, म्हणून दोघी. मुलीऐवजी घरी आलेल्या पाहुण्याला निरोप देताना आई ‘उद्या बोलू आम्ही बाबांशी’ म्हणाली असती, तर ‘आम्ही’ गाळता आलं नसतं. गाळलं की पाहुणाही त्या बोलण्यात ओढला जातो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक मराठी सर्वनामात जपते, पण क्रियापदाच्या शेवटात त्याला जागा नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वी’च येतं, त्यामुळे भाषांतरात हे वाक्य कधी चुकत नाही, आणि त्यात काय गेलं हेही कळत नाही.